‘अनेक समस्या’ म्हणजे नेमक्या किती? कोलशेतच्या टाक्या आणि एका प्रबंधाचा पहिला परिच्छेद

मागच्या महिन्यात कोलशेतला राहणारी, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. प्रबंधाचा आराखडा गाईडने दोनदा परत केला होता आणि शेरा एकच होता, ‘समस्या स्पष्ट नाही.’ ती वैतागून म्हणाली, “ताई, समस्या स्पष्ट नाही म्हणजे काय? आमच्या शेजारच्या ढोकाळीत तीन पोरं टाकीत मेली. यापेक्षा स्पष्ट काय असतं?”

तिचा राग खरा होता. मे २०१९ मध्ये ढोकाळीच्या एका मोठ्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, म्हणजे ज्याला आपण सगळे एसटीपी म्हणतो त्याची, टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. तिघेही विशीतले होते. सोबतच्या काहींना दवाखान्यात न्यावे लागले. कोलशेत रोडवरून रोज जाणाऱ्या माणसाला ती जागा माहीत आहे.

मग मी तिचा आराखडा वाचला. ‘समस्या विधान’ या मथळ्याखाली तिने लिहिले होते:

“भारत हा विकसनशील देश आहे. स्वातंत्र्याच्या इतक्या वर्षांनंतरही सफाई कामगारांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते. त्यांचे जीवनमान खालावलेले आहे. समाजाचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन नकारात्मक आहे. शासनाच्या विविध योजना असूनही त्या तळागाळापर्यंत पोहोचत नाहीत. या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही. म्हणून सदर विषयाचा अभ्यास करणे गरजेचे आहे.”

या परिच्छेदात खोटे काहीच नाही, पण त्यात ढोकाळीही नाही. ‘सफाई कामगार’ हा शब्द काढून तिथे ‘ऊसतोड कामगार’ घाला, ‘वीटभट्टी कामगार’ घाला, ‘घरेलू कामगार’ घाला. परिच्छेद जसाच्या तसा उभा राहतो. जे विधान कुठल्याही समूहाला बसते ते कुठल्याच समूहाचे नसते. गाईडचा शेरा बरोबर होता, हे मी तिला सांगितले तेव्हा तिला आवडले नाही. पण त्या शेऱ्यामागे आपल्या चळवळीचा एक जुना झगडा आहे. म्हणून हा लेख.

आकडा हा आपल्याकडे नेहमीच राजकीय असतो

१९३२ साली लोथियन समिती, म्हणजे मताधिकार समिती, प्रांतोप्रांती फिरत होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांची संख्या किती, एवढाच प्रश्न होता. त्या संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार होते आणि नेमक्या त्याच वेळी अस्पृश्य ‘नाहीसे’ होऊ लागले. संयुक्त प्रांतात जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २६ लाख अस्पृश्य होते. तिथल्या प्रांतिक समितीने हा आकडा ६ लाखांवर आणून ठेवला. बाबासाहेबांनी हा सगळा प्रकार पुढे एका प्रकरणात लिहून ठेवला. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात तो आहे. शीर्षकच असे की लाखांचे अपूर्णांक कसे केले गेले.

हे कसे केले, ते महत्त्वाचे आहे. कोणी माणसे मारली नव्हती की हाकलली नव्हती. व्याख्या बदलली होती. प्रत्यक्ष स्पर्शाने विटाळ होतो तोच अस्पृश्य, असे म्हटले की ज्याला विहिरीवर, देवळात, पंगतीत दूर ठेवले जाते पण रस्त्यावर धक्का लागला तर कोणी आंघोळ करत नाही, तो आपोआप यादीतून गळतो. बाबासाहेबांनी १ मे १९३२ च्या आपल्या टिपणात हाच मुद्दा धरला. अस्पृश्यता केवळ शब्दशः मोजायची नसते, ती ज्या भावनेने आणि वागणुकीने चालते ती मोजायची असते.

म्हणजे बाबासाहेबांनी त्या समितीसमोर जे केले ते एका अर्थाने समस्या विधानच होते. किती, कोण, आणि त्यांच्यापर्यंत काय पोहोचत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे इतकी नेमकी दिली की नाकारणाऱ्याला आकडा नाकारावा लागला. नुसते ‘अनेक’ म्हटले असते तर नाकारायला काही उरलेच नसते. ‘अनेक’ला कोणी नाकारत नाही. सगळे मान डोलावतात आणि पुढच्या फाईलकडे वळतात.

आता हेच तीन प्रश्न कोलशेतच्या टाकीला लावून पाहू.

पहिला प्रश्न: किती?

मुलीने दुसऱ्या खर्ड्यात आकडे आणले. ‘महाराष्ट्रात ६३,७१३ मैला वाहणारे कामगार आहेत’ असे एक वाक्य होते आणि दोन परिच्छेदांनंतर ‘महाराष्ट्रात ६,३२५ मैला वाहणारे कामगार आहेत’ असे दुसरे. दोन्ही सरकारी. परीक्षकाने विचारले असते, बाई, खरे कोणते?

दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ६३,७१३ हा आकडा २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचा आहे. तो माणसांचा नसून कुटुंबांचा आहे आणि फक्त ग्रामीण भागाचा आहे. देशात अशी सगळ्यात जास्त कुटुंबे महाराष्ट्रात नोंदली गेली. ६,३२५ हा आकडा २०१३ च्या कायद्याखाली आणि नंतर २०१८ मध्ये झालेल्या सर्वेक्षणांत शासनाने ‘ओळखलेल्या’ व्यक्तींचा आहे. देशभरात अशा व्यक्ती ५८,०९८ ठरल्या. एका बाजूला घरातल्या माणसाने स्वतः सांगितलेले काम आणि दुसऱ्या बाजूला शासनाने तपासून मान्य केलेले नाव, म्हणून या दोन आकड्यांची वजाबाकी करायची नसते. आपले कार्यकर्ते भाषणात ती करतात, टाळ्याही पडतात, पण प्रबंधात ती केली की समोरचा एका वाक्यात सगळा प्रबंध बाद करतो. लिहायचे असेल तर एवढेच लिहायचे, की मोजणारा आणि व्याख्या बदलली की आकडा किती बदलतो ते पाहा. तेवढेही पुरेसे बोलके आहे.

पण खरी अडचण पुढेच आहे. हे दोन्ही आकडे कोलशेतचे नाहीत. पहिला ग्रामीण आहे. दुसरा मुख्यतः हाताने मैला उचलणाऱ्यांचा आहे, टाकीत उतरणाऱ्यांचा नाही. २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत रामदास आठवले यांनी मंत्री म्हणून उत्तर दिले की, हाताने मैला वाहण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. ज्यांनी आयुष्य चळवळीत घालवले त्यांच्या तोंडून हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण उत्तर तांत्रिकदृष्ट्या व्याख्येला धरून होते. त्याच वर्षी त्याच मंत्रालयाने संसदेत सांगितले होते की, २०२० अखेरच्या पाच वर्षांत गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३४० जण मेले, त्यात महाराष्ट्रातले ३४. कायद्यात ‘हाताने मैला वाहणे’ आणि ‘धोकादायक सफाई’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. मेलेले दुसऱ्या रकान्यात, प्रश्न पहिल्या रकान्याचा, म्हणून उत्तर शून्य. १९३२ सालचीच युक्ती.

मग कोलशेतसाठी ‘किती’ कसे लिहायचे? मी तिला सांगितले, माणसे मोजायच्या आधी टाक्या मोज. माणूस आज इथे, उद्या भिवंडीला, पण टाकी हलत नाही.

कोलशेत, ढोकाळी, बाळकुम या पट्ट्यात जिथे पूर्वी केमिकल कंपन्या होत्या तिथे आज टॉवर आहेत. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात प्रकल्पाला एसटीपी किती क्षमतेची असेल ते लिहिलेले असते. ही पत्रे सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर उघडी आहेत. बसून काढली तर दोन-तीन आठवड्यांत या पट्ट्यातल्या मोठ्या संकुलांची आणि त्यांच्या टाक्यांची यादी होते. प्रत्येक एसटीपीत सांडपाणी जमा होण्याची टाकी, गाळ साठण्याची टाकी असते. पंप अडकतो, गाळ घट्ट होतो, आणि तेव्हा कोणीतरी आत उतरतो. वर्षातून किती वेळा आणि कितीजण, हे विचारायचे. टाक्यांची संख्या हा छेद, उतरण्याचे प्रसंग हा अंश. एवढे मिळाले की ‘अनेक’ या शब्दाची गरज उरत नाही.

दुसरा आकडा माहितीच्या अधिकारातून. २०१३ च्या नियमांनुसार माणसाला गटारात उतरवायचेच असेल तर ते अपवादात्मक कारणासाठी, स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, कारणे नोंदवून. मग दहा रुपयांचे तिकीट लावून महापालिकेला विचारायचे, गेल्या पाच वर्षांत अशा किती लेखी परवानग्या दिल्या? तीस दिवसांत उत्तर यायला हवे. उत्तर शून्य आले तरी रडायचे नाही, कारण प्रबंधाला ते शून्यच हवे आहे. परवानग्या शून्य आणि टाकीत उतरलेली माणसे शून्याहून जास्त, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तीच समस्या.

दुसरा प्रश्न: कोण?

‘सफाई कामगार’ हा शब्द ऐकायला एक आहे, पण कोलशेतमध्ये त्याखाली निदान तीन वेगळी माणसे आहेत.

पहिला महापालिकेचा कायम कामगार. त्याला पगार आहे, युनियन आहे, आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्याच्या वारसाला नोकरीचा हक्क आहे. दुसरा ठेकेदाराचा कामगार, जो महापालिकेचे काम करतो पण महापालिकेच्या हजेरीपटावर नसतो. तिसरा म्हणजे सोसायटीच्या एसटीपीत उतरणारा. त्याला सोसायटीने नेमलेली देखभाल कंपनी ठेवते, किंवा कंपनीचा उपठेकेदार दोन दिवसांसाठी आणतो. ढोकाळीत मेले ते या तिसऱ्या प्रकारच्या कामात. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटीत खासगी एसटीपीत चारजण मेले, तेही याच कामात. ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात तिघे मेले ते गटाराच्या चेंबरमध्ये, म्हणजे वेगळ्या जागी, पण मारणारा वायू तोच.

प्रत्येक वेळी तीन, चार असे एकदम का मरतात, हेही लिहायला हवे. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो वास यायचाच बंद होतो आणि माणूस समजतो की हवा बरी झाली. तो कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. म्हणून बाधित गटात फक्त ‘उतरणारा’ धरून चालत नाही. वर उभा राहणारा, हाकेला धावून येणारा वॉचमन किंवा सोबती, तोही त्यात येतो.

हा तिसरा कामगार ‘सफाई कामगार’ म्हणून सापडतच नाही. त्याचे नाव ‘हेल्पर’, ‘ऑपरेटर’, ‘हाऊसकीपिंग’ असे काहीही असते. सोसायटीत जाऊन ‘तुमच्याकडे सफाई कामगार किती?’ असे विचारले तर झाडू मारणाऱ्या बायकांचा आकडा मिळेल आणि टाकीत उतरणारा सुटेल. म्हणून प्रश्नावलीत हुद्दा विचारायचा नाही, काम विचारायचे. ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किंवा तुमच्यासोबतचा कोणी टाकीत उतरलात का? किती वेळा? वायू तपासला होता का? वर दोर धरून कोण होते?’ अशा प्रश्नांना उत्तर मिळते.

आता जातीचे. तिच्या गाईडने सल्ला दिला होता की, जात आणू नका, प्रबंध तटस्थ राहू द्या. इथे मात्र मी गाईडशी सहमत नाही. ‘नमस्ते’ योजनेखाली देशभरात नोंदवलेल्या सुमारे ३८,००० गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे, ८.३ टक्के अनुसूचित जमातींचे, १४.७ टक्के इतर मागासवर्गीय आणि सुमारे ८ टक्के खुल्या प्रवर्गातले निघाले. ही केंद्र सरकारची आकडेवारी आहे. जात लिहिणे पक्षपात असेल तर मग सरकारही पक्षपाती म्हणायचे. जात वगळणे हीच बाजू घेणे आहे, फक्त ती बाजू दिसत नाही.

पण आपल्याकडचीही एक चूक सांगते. आपण सरसकट ‘दलित’ लिहून मोकळे होतो. मेहतर, वाल्मीकी, रुखी, मातंग, बौद्ध या समाजांचे या कामातले स्थान, कामाचा प्रकार, संघटना वेगवेगळ्या आहेत. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाकडे इथले जातप्रमाणपत्र नसते, म्हणून सवलतीचा दरवाजा त्याला वेगळ्या पद्धतीने बंद असतो. शिवाय आपल्या बौद्धांपैकी बरेचजण प्रश्नावलीत जातीच्या जागी फक्त ‘बौद्ध’ सांगतात. ते योग्यच आहे, पण नोंद करणाऱ्याने धर्म आणि प्रवर्ग हे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर ते ‘इतर’मध्ये जातात आणि आपणच आपला अपूर्णांक करतो. आणि जी ८ टक्के माणसे खुल्या प्रवर्गातली आहेत, त्यांनाही लपवायचे नाही. विधान खरे असेल तर ते अपवादाने मोडत नाही.

तिसरा प्रश्न: काय पोहोचत नाही?

‘योजना तळागाळापर्यंत पोहोचत नाहीत’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या प्रबंधांत असेल. कुठली योजना, कोणापर्यंत, कुठल्या टप्प्यावर अडते, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य तर टाकायचेच. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे ‘नरकसफाईची गोष्ट’ मराठीतच आहे. संशोधनातली पोकळी आणि सेवेतली पोकळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजकार्याच्या प्रबंधात दुसरी मांडायची असते. पुस्तक लिहिले गेले नाही म्हणून टाकीत कोणी मरत नाही.

कोलशेतच्या तिसऱ्या कामगारासाठी सेवेची साखळी अशी आहे. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याच्या कलम ७ नुसार त्याला धोकादायक सफाईसाठी उतरवणे हाच गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३-२४ पासून ‘नमस्ते’ योजनेत कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधने, आरोग्य विमा आहे. मृत्यू झाला तर २७ मार्च २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कुटुंबाला १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाख. कागदावर साखळी पूर्ण आहे.

ती पहिली तुटते नोंदणीत. नोंदणी महापालिकेमार्फत होते, आणि महापालिका तिच्या माहितीतले कामगार आणि टँकरवाले बोलावते. देखभाल कंपनीच्या उपठेकेदाराने आणलेला माणूस तिच्या कुठल्याच यादीत नसतो. त्याला शिबिराचा निरोपच जात नाही.

दुसरी तुटते शब्दात. कायद्यात ‘गटार’ आणि ‘सेप्टिक टँक’ यांच्या व्याख्या आहेत, ‘एसटीपी’ची नाही. मैला साठवणारी, जमिनीखालची, जिवाणूंनी तो कुजवणारी टाकी ही सेप्टिक टँकच्या व्याख्येत बसते असे माझे मत आहे. पण ठेकेदाराचा वकील ‘हे तर प्लांट मेंटेनन्सचे काम’ असे म्हणायला मोकळा राहतो.

तिसरी तुटते पोलीस ठाण्यात. गुन्हा नुसता निष्काळजीपणाने मृत्यूचा नोंदवला, २०१३ चा कायदा आणि मृत अनुसूचित जातीचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(जे) लावलेच नाही, तर तो ‘औद्योगिक अपघात’ होतो. मग तो धोकादायक सफाईच्या सरकारी तक्त्यात जाणार कसा आणि कुटुंब भरपाईसाठी कुठल्या टेबलाकडे जाणार?

‘खासगी सोसायटी आहे, सरकारचा काय संबंध’ हा युक्तिवाद मात्र आता चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तिघे मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उज्जल भुयान आणि माधव जामदार यांच्या खंडपीठाने प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश शासनाला दिला, आणि ती रक्कम शासनाने जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावी असे सांगितले. म्हणजे हक्क ठरलेला आहे. पोकळी आहे ती हक्क आणि माणूस यांना जोडणाऱ्या कारकुनी टप्प्यांत. समाजकार्यकर्त्याचे काम नेमके तिथे असते.

मग विधान कसे झाले?

चार बैठकांनंतर तिने जे लिहिले ते असे:

“ठाणे शहरातील कोलशेत–ढोकाळी–बाळकुम पट्ट्यातील मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांच्या टाक्या साफ करण्यासाठी देखभाल कंपन्या व उपठेकेदार यांच्यामार्फत माणसे आत उतरवली जातात. मे २०१९ मध्ये ढोकाळीत अशा एका टाकीत तीन तरुण कामगारांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये अशाच कामात चौघांचा मृत्यू झाला. २०१६ ते २०२० या काळात गटार व सेप्टिक टँक सफाईत महाराष्ट्रात ३४ मृत्यूंची सरकारी नोंद आहे, परंतु टाकीत उतरून जिवंत बाहेर येणाऱ्यांची नोंद होत नाही. ‘नमस्ते’ योजनेतील देशपातळीवरील नोंदींनुसार या कामातील दोन तृतीयांशांहून अधिक कामगार अनुसूचित जातींचे आहेत. खासगी केंद्रांत काम करणारे कामगार ‘हेल्पर’, ‘ऑपरेटर’ अशा नावांनी नेमले जात असल्याने ते महापालिकेच्या नोंदणीबाहेर राहण्याची शक्यता आहे. तसे असल्यास सुरक्षा साधने, आरोग्य विमा आणि मृत्यूनंतरची भरपाई या तिन्ही सेवांपासून ते वंचित राहतात. प्रस्तुत अभ्यास या पट्ट्यातील केंद्रांची संख्या, त्यांत उतरणाऱ्या कामगारांचे काम व सामाजिक स्थान, आणि त्यांच्यापर्यंत यांपैकी कोणती सेवा कोणत्या टप्प्यावर थांबते, हे तपासेल.”

पहिल्या खर्ड्यापेक्षा हे लांब आहे, पण यात एकही भावनिक विशेषण नाही. ‘दयनीय’ नाही, ‘हलाखीचे’ नाही. माहीत असलेले ‘आहे’ म्हणून लिहिले, संशय असलेले ‘शक्यता आहे’ म्हणून लिहिले, आणि मोजायचे आहे ते ‘तपासेल’ म्हणून. नोंदणीबाहेर राहतात हे तिला मनातून पक्के वाटते, तरी तिने ‘शक्यता’ लिहिले, कारण ते सिद्ध करण्यासाठीच तर प्रबंध आहे. उत्तर आधीच विधानात भरले तर क्षेत्रात जायची गरजच काय?

‘ऊसतोड’ची चाचणी पुन्हा लावा. आता एकही वाक्य दुसऱ्या समूहाला बसत नाही. आणखी एक चाचणी म्हणजे हे विधान फाडून तीन तुकडे करा आणि पाहा प्रत्येक तुकडा कुठल्या टेबलावर जातो. केंद्रांच्या यादीचा तुकडा महापालिकेच्या पाणी व मलनिस्सारण खात्यात, नोंदणीचा घनकचरा विभाग आणि ‘नमस्ते’च्या कक्षात, भरपाईचा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीकडे. पहिल्या खर्ड्याचा एकही तुकडा कुठेच गेला नसता.

याच्या मर्यादाही आहेत

एक विद्यार्थिनी चार-पाच महिन्यांत ठाणे जिल्हा मोजू शकत नाही, आणि तिने तसे लिहूही नये. कोलशेतचा निष्कर्ष कोलशेतपुरता. २०,००० चौरस मीटरच्या खालच्या इमारती तिच्या यादीत येणार नाहीत, ते स्पष्ट लिहायचे. सोसायट्या गेटवरच अडवतील. तेव्हा मैल्याचे टँकर चालवणाऱ्यांकडून, नाक्यावरच्या मजुरांकडून माणसांपर्यंत जावे लागेल. अशी माणसे एकमेकांच्या ओळखीने मिळतात, म्हणून त्यांच्या उत्तरांतून टक्केवारी काढायची नाही. आणि मुलाखतीत सोसायटीचे किंवा कामगाराचे नाव येऊ द्यायचे नाही. प्रबंध आपला होतो, रोजी त्याची जाते.

हा आराखडा गाईडने मंजूर केला. जातीचे वाक्य त्यांनी पेन्सिलीने खुणावले होते. तिने केंद्र सरकारच्या आकडेवारीची प्रत पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी खूण खोडली.

चळवळीतल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच आहे. विद्यापीठात बसून आपण जे पहिले पान लिहितो ते परीक्षेपुरते नसते. उद्या एखाद्या विधवेचा वकील, एखादा नगरसेवक, एखादा पत्रकार ते पान उघडेल. त्याला तिथे ‘अनेक समस्या’ सापडल्या तर तो पान मिटेल. टाक्यांचा आकडा, उतरणाऱ्यांची ओळख आणि साखळी तुटण्याची जागा सापडली, तर ते पान घेऊन तो कुठेतरी जाऊ शकेल. लोथियन समितीसमोर बाबासाहेबांनी आकड्यासाठी जो हट्ट धरला तो याचसाठी होता.

तिची माहिती अधिकाराची तीस दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. उत्तर काय आले ते इथेच लिहीन.

जय भीम. नमो बुद्धाय.